आईन्स्टाईन खरंच ११ किलोमीटर चुकवतो का? धनजच्या वावरातून आलेला प्रश्न

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे" थोडे काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

कानात इयरफोन आहेत ना? बसमध्ये असाल, वावरात असाल, नाहीतर रात्री गच्चीवर, आज एकदा वर आभाळाकडे बघून ऐका. कारण आजचा सगळा मामला तिथंच आहे.

वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात धनज नावाचं गाव आहे. तिथल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही. पण मेसेज त्याच्याच बोलीत ऐका: "भाऊ, मी माह्या वावराच्या बांधावर बाभळीखाली उभा होतो. पीक पाहणीचा फोटो काढाचा होता. तं मोबाईल म्हणते का तू शेजारच्याच्या वावरात हायेस! आन् एका रीलमंधी पाह्यलं का आईन्स्टाईनचं गणित नसतं तं जीपीएस रोज ११ किलोमीटर चुकलं असतं. मंग माहं हे १५ मीटर काऊन चुकलं? आईन्स्टाईननं थोडं कमी केलं काय?"

मला हा प्रश्न फार आवडला. त्यात गंमत आहे आणि काळजीसुद्धा आहे. फोटो चुकीच्या गटात पडला तर नोंद चुकते, आणि नोंद चुकली की पुढे पीक विमा आणि नुकसानभरपाईच्या वेळी आपल्यालाच चकरा माराव्या लागतात. म्हणजे १५ मीटर ही काही छोटी गोष्ट नाही.

रीलमधलं वाक्य अर्धं खरं आहे. अर्धं कुठलं, ते आज बघू.

आधी मोबाईल जागा कशी शोधतो ते. बरेच जण समजतात की उपग्रह आपल्याला वरून "बघतो". तसं काही नसतं. उपग्रहाला तुमचा पत्ताही नसतो. तो फक्त एक गोष्ट सतत ओरडत राहतो: "मी अमुक ठिकाणी आहे, आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत." मोबाईल ते ऐकतो. संदेश कधी निघाला ते त्यातच लिहिलेलं असतं, कधी पोचला ते मोबाईल बघतो. मधला वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे अंतर.

आपल्याच नाविकचं उदाहरण घेऊ. नाविक म्हणजे इस्रोची भारतीय दिशादर्शन प्रणाली. तिच्या रचनेत विषुववृत्ताच्या वर, ८३ अंश पूर्व रेखांशावर एका उपग्रहाची जागा आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये सोडलेला आयआरएनएसएस-१सी त्या जागेसाठीच होता. धनजहून त्या जागेकडे बघायचं तर दक्षिणेकडे तोंड करून, जरासं पूर्वेला वळून, मान साधारण ६५ अंश वर करायची. तिथपर्यंतचं सरळ अंतर सुमारे ३६,३०० किलोमीटर भरतं. प्रकाशाला ते कापायला ०.१२१ सेकंद लागतात. पापणी लवण्याइतकाच वेळ.

आता हे ०.१२१ मोजताना शेवटच्या आकड्यांत किती चूक चालेल? प्रकाश एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जातो. एका नॅनोसेकंदात, म्हणजे त्याच्याही हजाराव्या भागात, ३० सेंटीमीटर, शाळेतल्या पट्टीएवढा. वावराचा बांध ओळखायचा असेल तर वरचं घड्याळ दहा-वीस नॅनोसेकंदांच्या आत बरोबर हवं. म्हणून उपग्रहात रुबिडियम किंवा सिझियमची अणुघड्याळं बसवतात.

आणि इथंच लोचा सुरू होतो. कितीही भारी अणुघड्याळ घ्या. खाली टेबलावर ठेवलं की ते एका गतीनं चालतं, आणि वर नेलं की दुसऱ्या गतीनं चालतं. ते बिघडलेलं नसतं. तिथला काळच वेगळ्या गतीनं सरकतो.

याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट्या दिशेनं ओढतात. पहिलं कारण वेग.

आमच्या विदर्भातल्या लोकांना शकुंतला आठवत असेल. मूर्तिजापूर ते यवतमाळ, कारंज्यावरून जाणारी नॅरोगेज गाडी. आता बंद आहे. समजा शकुंतलेच्या डब्यात खाली एक आरसा आणि छताला एक आरसा आहे, आणि मध्ये प्रकाशाचा एक ठिपका खाली-वर उड्या मारतोय. एक उडी म्हणजे घड्याळाची एक टिक. डब्यात बसलेल्याला ठिपका सरळ उभा वर जाताना दिसतो. पण कारंजा स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाला? ठिपका वर पोचेपर्यंत डबा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला ठिपका तिरका जाताना दिसतो. तिरका रस्ता लांब असतो. आता प्रकाशाचा वेग तर दोघांनाही सारखाच मोजायला मिळतो. आईन्स्टाईननं १९०५ मध्ये हेच गृहीत धरलं आणि नंतर प्रयोगांत ते टिकलं. वेग तोच, रस्ता लांब, म्हणजे टिक व्हायला वेळ जास्त. स्टेशनवरच्या माणसाच्या हिशेबानं डब्यातलं घड्याळ हळू चालतं.

शकुंतलेच्या वेगाला हा परिणाम कोणाच्या लक्षात येण्याची शक्यता नव्हती, बिचारीला सायकलवाले गाठायचे. पण जीपीएसचा उपग्रह सेकंदाला ३.८७ किलोमीटर पळतो, म्हणजे ताशी जवळपास १४,००० किलोमीटर. या वेगामुळे त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे ७.२ मायक्रोसेकंद मागे पडतं.

दुसरं कारण गुरुत्वाकर्षण. हे थोडं अवघड वाटतं, पण सावकाश ऐकलं तर समजतं.

खाली जमिनीवरून वर आकाशात प्रकाश पाठवला, तर वर चढताना त्याची ऊर्जा थोडी कमी होते. वर फेकलेला चेंडू मंदावतो ना, तसं. पण प्रकाश मंदावत नाही, त्याची कंपनं विरळ होतात. हे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का या दोघांनी १९५९-६० च्या सुमारास फक्त साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्यात मोजून दाखवलं. आता विचार करा. खालचा माणूस त्याच्या घड्याळाच्या एका सेकंदात ठरावीक लाटा सोडतो. वरच्या माणसाला त्याच्या घड्याळाच्या एका सेकंदात त्यापेक्षा कमी लाटा मिळतात. पण वाटेत लाटा कुठं हरवल्या नाहीत, कोणी चोरल्या नाहीत. मग कमी का मिळाल्या? एकच उत्तर उरतं: खालच्याचा एक सेकंद वरच्याच्या एका सेकंदापेक्षा लांब आहे. म्हणजे खालचं घड्याळ हळू आहे. पृथ्वीच्या जितकं जवळ, तितका काळ मंद.

हे फक्त मोठ्या उंचीवरच घडतं असं नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मानक संस्थेत दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक ३३ सेंटीमीटर वर उचलून ठेवलं, आणि ते जास्त वेगानं चालताना मोजता आलं. ३३ सेंटीमीटर म्हणजे घरातल्या दोन पायऱ्या!

आता हिशेब करू. वही लागत नाही. पृथ्वीच्या वस्तुमानाला गुरुत्व स्थिरांकानं गुणा आणि प्रकाशवेगाच्या वर्गानं भागा, तर एक लांबी मिळते: सुमारे ४.४ मिलिमीटर. अख्खी पृथ्वी, आणि तिचा काळावरचा प्रभाव एका तुरीच्या दाण्याएवढा! हे ४.४ मिलिमीटर भागिले पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर, म्हणजे तिथं काळ किती अंशानं मंद आहे ते. अंतर जितकं जास्त, तितका हा आकडा लहान.

जमिनीवर, म्हणजे केंद्रापासून साधारण ६,३७० किलोमीटरवर, हे दिवसाला ६०.२ मायक्रोसेकंद भरतं. पृथ्वीपासून फार फार लांब असलेल्या घड्याळाच्या तुलनेत तुम्ही-मी सगळे रोज एवढे मागे पडतो. जीपीएस उपग्रह केंद्रापासून साधारण २६,५६० किलोमीटरवर असतो, तिथं हाच आकडा १४.४ होतो. म्हणजे फक्त उंचीमुळे त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा रोज ४५.८ मायक्रोसेकंद पुढे जातं. वेगामुळे मागे पडलेले ७.२ वजा करा. उरले ३८.६. हाच तो प्रसिद्ध आकडा, जो रीलवाले "अडतीस मायक्रोसेकंद" म्हणून सांगतात.

नाविकचा आकडा मात्र रीलमध्ये कोणी सांगत नाही, म्हणून आपण काढू. नाविकचे उपग्रह जास्त उंच आहेत, केंद्रापासून सुमारे ४२,१६० किलोमीटरवर. तिथं गुरुत्वाचा आकडा ९.१, म्हणजे उंचीचा फायदा ६०.२ वजा ९.१, बरोबर ५१.१. वर गेलं की कक्षेतला वेगही कमी होतो, सेकंदाला ३.०७ किलोमीटर, त्यामुळे वेगाचा तोटा फक्त ४.५. निव्वळ ४६.६ मायक्रोसेकंद. आपलं नाविक, निव्वळ निसर्गाच्या हिशेबानं, जीपीएसपेक्षाही रोज आठेक मायक्रोसेकंद जास्त पळेल.

जाता जाता एक मजा. खाली उतरत गेलं तर हे पारडं उलटं होतं. जमिनीपासून साधारण ३,२०० किलोमीटर उंचीवर दोन्ही परिणाम एकमेकांना खातात आणि घड्याळ जमिनीच्याच गतीनं चालतं. त्याखाली वेग जिंकतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फक्त ४०० किलोमीटरवर आहे, म्हणून तिथले अंतराळवीर आपल्यापेक्षा रोज सुमारे २५ मायक्रोसेकंद कमी म्हातारे होतात. सहा महिन्यांनी परत आले तरी फरक पाच मिलिसेकंदांच्या आतच, तेव्हा वाढदिवसाचा केक त्याच दिवशी कापायचा.

तर हे सगळं खरं आहे का, का नुसतं कागदावर? १९७७ साली यावर खरंच शंका होती. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेनं २३ जून १९७७ ला एनटीएस-२ नावाचा उपग्रह सोडला. कक्षेत गेलेलं ते पहिलं सिझियम घड्याळ. सापेक्षतेची दुरुस्ती करावी की नाही यावर संबंधित लोकांत एकमत नव्हतं. काहींना वाटत होतं की परिणाम नसेलच, काहींना वाटत होतं की आकडा वेगळा निघेल. मग त्यांनी शहाणपणाची तोड काढली. घड्याळाची गती बदलू शकेल असा एक भाग उपग्रहात बसवला, पण सुरुवातीला तो बंद ठेवला. म्हणजे घड्याळ जसं चालायचं तसं चालू दे, आपण खालून बघू.

सुमारे वीस दिवस बघितलं. घड्याळ पुढे पळत होतं. किती? एक लाख कोटी भागांत ४४२.५ भाग. गणितानं सांगितलं होतं ४४६.५. दिवसाच्या हिशेबात बोलायचं तर अंदाज ३८.६ मायक्रोसेकंदांचा आणि प्रत्यक्षात ३८.२. एक टक्क्याच्याही आत. मग तो बंद ठेवलेला भाग चालू केला, आणि घड्याळ जमिनीशी जुळलं. मला ही गोष्ट कुठल्याही सिद्धतेपेक्षा जास्त आवडते. भांडत बसले नाहीत, स्विच ठेवला.

तेव्हापासून जीपीएसमध्ये पद्धत ठरली. घड्याळाची मूळ लय सेकंदाला १०.२३ दशलक्ष ठोके अशी असायला हवी. ती जमिनीवरून बघताना तशी दिसावी म्हणून उपग्रहातली लय मुद्दाम किंचित कमी, १०.२२९९९९९९५४३ दशलक्ष अशी लावतात. खाली प्रयोगशाळेत ते घड्याळ मुद्दाम हळू केलेलं असतं. वर गेलं की बरोबर होतं. लग्नाच्या पंगतीत पाहुणे उशिरा येणार हे धरून आपण वेळ अर्धा तास आधीची छापतो ना, तसलाच प्रकार, फक्त नॅनोसेकंदांचा.

आता रीलमधल्या ११ किलोमीटरकडे येऊ. आकडा कुठून आला ते सोपं आहे. ३८.६ मायक्रोसेकंद गुणिले प्रकाशाचा वेग, उत्तर ११.६ किलोमीटर. गुणाकार बरोबर. पण त्यातून "नकाशावरचा निळा ठिपका रोज ११ किलोमीटर सरकला असता" असा अर्थ काढला, तर तिथं गडबड होते.

कारण मोबाईलमध्ये अणुघड्याळ नसतं. त्यात असतो क्वार्ट्झचा स्वस्त तुकडा, आपल्या हातातल्या घड्याळाच्या जातीचा. तो उपग्रहाच्या तुलनेत कितीही चुकलेला असू शकतो. मोबाईल हे जाणून असतो. म्हणून तो तीन उपग्रहांवर थांबत नाही, निदान चार घेतो. त्याच्यासाठी न माहीत असलेल्या गोष्टी चार आहेत: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, उंची आणि "माझं स्वतःचं घड्याळ किती चुकलंय". चार उपग्रह, चार समीकरणं, चार उत्तरं.

समजा गावातल्या शाळेची घंटा, देवळाचा घंटानाद आणि ग्रामपंचायतीचा भोंगा, तिन्ही दहा मिनिटं पुढे आहेत. तुम्ही मनात म्हणाल, "माझं घड्याळ दहा मिनिटं मागे दिसतंय." निष्कर्ष चुकीचा आहे, पण कोणता आवाज कोणाच्या आधी आला हा फरक तर बरोबरच राहतो. अगदी तसंच. सगळे जीपीएस उपग्रह एकाच उंचीवर आहेत, सगळ्यांची घड्याळं सारखीच पुढे पळतील, आणि ती सामायिक चूक मोबाईल स्वतःच्या घड्याळावर ढकलून मोकळा होईल. जागा जवळपास बरोबरच येईल.

"जवळपास" म्हणालो, कारण थोडी चूक उरतेच. वेळ चुकला तर उपग्रह त्या क्षणी कुठं होता याचा हिशेबही चुकतो. सेकंदाला ३.८७ किलोमीटर पळणारा उपग्रह ३८.६ मायक्रोसेकंदांत सुमारे १५ सेंटीमीटर जातो. म्हणजे दिवसाला १५ सेंटीमीटरची चूक वाढत जाईल, महिनाभर कोणी लक्ष दिलं नाही तर चार-साडेचार मीटर. शिवाय जमिनीवरची नियंत्रण केंद्रं घड्याळांवर नजर ठेवून असतात आणि प्रत्येक घड्याळ किती भरकटलंय ते उपग्रहाच्या संदेशातच घालून देतात. ११ किलोमीटर हे त्या एका उपग्रहापर्यंतच्या मोजलेल्या अंतरातली चूक आहे, तुमच्या जागेतली नव्हे.

मग दुरुस्ती करायचीच कशाला? कारण ही सामायिक चूक तेव्हाच कटते जेव्हा सगळे उपग्रह एका उंचीचे असतात. आज तुमच्या हातातला मोबाईल एकाच वेळी जीपीएस, नाविक, युरोपचं गॅलिलिओ, रशियाचं ग्लोनास, असं सगळं ऐकतो. आपण काढलेले आकडे आठवा: जीपीएस ३८.६, नाविक ४६.६. दोन्ही दुरुस्तीविना सोडले तर दोन प्रणालींच्या घड्याळांत रोज ८ मायक्रोसेकंदांची फट वाढेल. प्रकाशाच्या भाषेत २.४ किलोमीटर. मोबाईलनं दोघांचं घड्याळ एकच समजून चार समीकरणं मांडली, की उत्तराचा पार बोऱ्या वाजेल. शिवाय मोबाईल टॉवर आणि वीज जाळी या उपग्रहांकडून जागा घेत नाहीत, वेळ घेतात. त्यांना तर ती सामायिक चूक थेट भोवेल.

आणि आता ती गोष्ट, जी मला आज खरं म्हणजे सांगायची होती. सापेक्षतेची एक दुरुस्ती उपग्रहात होत नाही, तुमच्या मोबाईलमध्ये होते. आत्ता, खिशात.

उपग्रहाची कक्षा अगदी गोल नसते, जराशी अंडाकृती असते. जीपीएसमध्ये ती गोलापासून दोन टक्क्यांपर्यंत वाकडी चालते, म्हणजे एका फेरीत उपग्रह पृथ्वीच्या जवळ आणि लांब असा हजारेक किलोमीटर ये-जा करू शकतो. जवळ आला की दोन गोष्टी होतात. गुरुत्व वाढतं, म्हणून काळ मंदावतो. आणि जवळ आल्यावर तो जोरात पळतो, म्हणून अजून मंदावतो. इथं दोन्ही परिणाम एकाच बाजूनं ओढतात. लांब गेला की दोन्ही उलटे. कारखान्यात लावलेली लय ही सरासरीसाठी असते. या झोक्यासाठी ती पुरत नाही. घड्याळ प्रत्येक फेरीत, सुमारे बारा तासांत एकदा, ४६ नॅनोसेकंद पुढे आणि ४६ नॅनोसेकंद मागे झोका घेतं. ४६ नॅनोसेकंद म्हणजे १४ मीटर.

आणि ही चूक कटत नाही! कारण या क्षणी एक उपग्रह जवळच्या टोकाकडे निघालेला असतो, दुसरा लांबच्या, तिसऱ्याची कक्षा जवळपास गोल असते. प्रत्येकाची चूक वेगळी. म्हणून प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा वाकडेपणा संदेशात सांगतो, आणि मोबाईलमधली चिप प्रत्येकासाठी हा झोका काढून वजा करते. जीपीएसच्या नियमपत्रात हे सूत्र लिहिलेलं आहे, चिप बनवणाऱ्याला ते पाळावंच लागतं. तुमच्या दहा हजारांच्या फोनमध्ये आईन्स्टाईनची एक ओळ रोज चालते, ती ही.

हा झोका एकदा चुकून फार मोठा झाला. ऑगस्ट २०१४ मध्ये गॅलिलिओचे दोन उपग्रह रॉकेटच्या बिघाडामुळे चुकीच्या, लांबट कक्षेत जाऊन पडले. नंतर कक्षा थोडी सुधारली, तरी ते दिवसातून जवळपास दोनदा साडेआठ हजार किलोमीटर खाली-वर करत राहिले. दिशादर्शनाच्या दृष्टीनं नुकसान. पण भौतिकशास्त्रज्ञांनी बघितलं की अरे, ही तर अणुघड्याळाची फुकट लिफ्ट आहे! घड्याळ साडेतीनशेहून जास्त नॅनोसेकंदांचा झोका घेत होतं. पॅरिस आणि ब्रेमेनच्या गटांनी हजारावर दिवसांच्या नोंदी तपासल्या आणि २०१८ मध्ये निकाल छापले. गुरुत्वामुळे काळ बदलतो हे याआधी १९७६ च्या एका रॉकेट प्रयोगात जेवढ्या अचूकपणे तपासलं होतं, त्याच्या सुमारे पाचपट अचूकपणे ते पुन्हा खरं ठरलं.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. सापेक्षतेची चूक आधीच मोजता येते, म्हणून ती काढून टाकता येते. घड्याळ खरंच बिघडलं तर मात्र काही चालत नाही. नाविकचा पहिला उपग्रह आयआरएनएसएस-१ए जुलै २०१३ मध्ये गेला. त्यात तीन रुबिडियम घड्याळं होती, परदेशी बनावटीची. तिन्ही बंद पडल्याचं जानेवारी २०१७ मध्ये समोर आलं. उपग्रह जिवंत, संदेश पाठवतोय, पण अंतर मोजायला निरुपयोगी. त्याच्या जागी ऑगस्ट २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह रॉकेटचं उष्णतारोधक आवरण न उघडल्यानं आतच अडकला. मग एप्रिल २०१८ मध्ये आयआरएनएसएस-१आय गेला. आणि मे २०२३ मधल्या एनव्हीएस-०१ मध्ये पहिल्यांदा अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये बनलेलं भारतीय रुबिडियम घड्याळ वर गेलं.

चला, परत धनजच्या बांधावर. भाऊ, तुझे १५ मीटर आईन्स्टाईननं चुकवले का? आकडा १४ च्या जवळ आहे म्हणून मलाही क्षणभर मोह झाला होता. पण नाही. ती दुरुस्ती तुझ्या चिपमध्ये झालेलीच आहे. आणि ओळखायची खूण अशी: घड्याळाची चूक तासन् तास संथ बदलते आणि त्या परिसरातल्या सगळ्या मोबाईलना सारखी भोगावी लागते. तुझा ठिपका मात्र सेकंदासेकंदाला उड्या मारत होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा वेगळीकडे होता, असं तूच पुढच्या मेसेजमध्ये म्हणालास. हे लक्षण जवळच्या अडथळ्याचं आहे. म्हणजे बाभूळ. ओल्या पानांतून येताना उपग्रहाचा आवाज दबतो, आणि शेजारी टिनाची शेड असेल तर तोच आवाज तिच्यावर आपटून थोडा लांबच्या रस्त्यानं येतो. मोबाईलला वाटतं उपग्रह लांब आहे. थोडीफार चूक वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातूनही येते, पण ती अशा उड्या मारत नाही.

स्वतः बघायचं असेल तर GPSTest नावाचं फुकट ॲप टाका. त्यात प्रत्येक उपग्रहासमोर त्याच्या देशाचा झेंडा आणि C/N0 नावाचा आकडा दिसतो, म्हणजे त्याचा आवाज किती स्पष्ट येतोय ते. मोकळ्या वावरात चांगल्या उपग्रहांचा आकडा चाळीसच्या आसपास जातो. बाभळीखाली उभे राहिलात तर तो तीसच्या खाली येताना डोळ्यांनी दिसेल. तुमच्या फोनची चिप नाविक ऐकत असेल तर तिरंगाही दिसेल, त्या छत्तीस हजार किलोमीटरवाल्यांचा.

तर फोटो काढताना बाभळीपासून वीस-पंचवीस पावलं वावरात आत जा, ॲप उघडून एक-दोन मिनिटं मोबाईल आभाळाकडे धरून थांबा, ठिपका स्थिर झाला की मगच बटण दाबा. मोकळ्या आभाळाखाली साध्या मोबाईलची चूक पाचेक मीटरपर्यंत येते. वावर अगदीच अरुंद असेल आणि पाच मीटरही परवडत नसतील, तर बांधापासून लांब, मधोमध उभे राहा.